न मागितलेला पासवर्ड रीसेटचा मेल: का येतो आणि त्यातल्या लिंकवर क्लिक करावं का

तुम्ही पासवर्ड विसरलेला नाही, कुठे काही मागितलेलंही नाही, तरी मेल येऊन पडतो: ‘पासवर्ड बदलण्याची तुमची विनंती मिळाली. नवा पासवर्ड ठेवण्यासाठी खालच्या बटणावर क्लिक करा.’ पहिल्यांदा असा मेल आला की पोटात गोळा येतो. कोणीतरी आपल्या खात्यात शिरलंय असं वाटतं आणि घाईघाईत बोट त्या बटणाकडे जातं.

म्हणून उत्तर आधी सांगतो. मेल खरा असो वा खोटा, त्यातल्या कुठल्याही लिंकवर क्लिक करू नका. ‘ही विनंती मी केलेली नाही’ असं लिहिलेल्या लिंकवरही नाही. नवखी माणसं बहुतेक वेळा आधी मेल खरा आहे का हे ठरवायला बसतात, आणि तिथेच फसतात. खरं-खोटं ठरवता आलं नाही तरी तुमचं काही बिघडत नाही, कारण जे तपासायचं आहे ते सगळं मेलला हात न लावता तपासता येतं. ते कसं, हे टप्प्याटप्प्यानं पाहू. पण त्याआधी हा मेल निघतो कसा ते समजून घ्यायला हवं, म्हणजे भीती कुठे बाळगायची आणि कुठे नाही ते कळेल.

मेल निघतो कसा

कुठल्याही साइटच्या लॉगिन पानावर `Forgot password?` अशी ओळ असते. तिच्यावर क्लिक केलं की साइट फक्त ईमेल पत्ता, वापरनाव किंवा फोन नंबर विचारते. तुम्ही कोण आहात हे ती तिथे विचारत नाही. विचारणार तरी कशी? पासवर्ड विसरलेल्या माणसासाठीच तर ते पान आहे. त्यामुळे तुमचा पत्ता माहीत असलेला जगातला कोणीही माणूस तिथे तो टाकू शकतो.

पत्ता मिळाला की साइटचा सर्व्हर एक लांबलचक, अंदाज बांधता न येणारा संकेत तयार करतो. त्याला टोकन म्हणतात. ते टोकन लिंकमध्ये घालून तो तुमच्या पत्त्यावर पाठवतो. काही सेवा लिंकऐवजी सहा आकडी कोड पाठवतात. ही लिंक किंवा कोड थोडाच वेळ चालतो, काही ठिकाणी काही मिनिटं तर काही ठिकाणी एखादा दिवस, आणि एकदा वापरला की बाद होतो.

यातला महत्त्वाचा भाग असा की इथपर्यंत तुमच्या खात्यात काहीच बदललेलं नसतं. जुना पासवर्ड तसाच चालू असतो. ज्यानं विनंती केली त्याच्या पडद्यावर फक्त ‘मेल पाठवला आहे’ एवढंच दिसतं. टोकन तुमच्या इनबॉक्समध्ये आहे, त्याच्याकडे नाही. नीट बांधलेल्या सेवेत ते टोकन कोणी वापरेपर्यंत खात्याला धक्का लागत नाही आणि न वापरलेलं टोकन मुदत संपली की आपोआप मरतं.

आणखी एक गोष्ट यातून निघते, जी घाबरलेल्या माणसाला मी नेहमी सर्वांत आधी सांगतो: जो पासवर्ड बदलून मागतोय, त्याच्याकडे बहुधा तुमचा पासवर्ड नाही. असता तर त्यानं सरळ लॉगिन केलं असतं.

मग मागितलं कोणी?

पुष्कळदा कारण अगदी साधं असतं. दुसऱ्याच कोणाचा पत्ता तुमच्या पत्त्याशी मिळताजुळता असतो आणि तो टाइप करताना एक अक्षर चुकतो. जीमेलवाल्यांच्या बाबतीत याला आणखी एक फाटा आहे. जीमेल पत्त्यातल्या `@` च्या आधीच्या टिंबांकडे दुर्लक्ष करतं. म्हणजे `abc.xyz@gmail.com` आणि `abcxyz@gmail.com` हा एकच इनबॉक्स. तुमच्या नावाच्या दुसऱ्या एखाद्या माणसाला टिंब घातलेला पत्ता आपला आहे असं वाटत असेल, तर त्याचे सगळे मेल आयुष्यभर तुमच्याकडे येत राहतील. अशा मेलमध्ये बहुतेक वेळा तुम्ही कधीच न उघडलेल्या खात्याचा उल्लेख असतो.

दुसरं कारण म्हणजे चाचपणी. कुठल्या तरी साइटवरून फुटलेल्या पत्त्यांची यादी हातात आलेला माणूस एखादा प्रोग्रॅम लावून ते सगळे पत्ते दुसऱ्या साइटवर टाकून पाहतो, कोणाकोणाची तिथे खाती आहेत ते कळावं म्हणून. काही साइट्स ‘असा पत्ता आमच्याकडे नाही’ असं पडद्यावरच सांगून मोकळ्या होतात आणि त्याचं काम सोपं करतात. चांगल्या साइट्स खातं असो वा नसो, एकच उत्तर देतात. अशा वेळी तुम्ही हजारो पत्त्यांपैकी एक असता. तुमच्यावर कोणाची खास नजर असते असं नाही.

तिसरं कारण मात्र लक्ष देण्यासारखं आहे. टोकन तुमच्याकडे येतं हे माहीत असूनही कोणी मुद्दाम विनंती का करेल? एक तर त्याला तो कोड तुमच्याच तोंडून काढून घ्यायचा असतो. किंवा तुमच्या इनबॉक्समध्ये त्यानं आधीच वाट काढलेली असते. किंवा खऱ्या मेलच्या पाठोपाठ स्वतःचा खोटा मेल घुसवायचा असतो, कारण दोन-तीन खरे मेल वाचून धास्तावलेला माणूस चौथा मेल बारकाईनं वाचत नाही. काही जण तर निव्वळ भंडावून सोडतात. 2024 मध्ये ॲपलच्या अनेक ग्राहकांच्या फोनवर पासवर्ड बदलायला परवानगी मागणाऱ्या सूचना एकामागून एक येत राहिल्या, आणि काहींना त्यानंतर ‘ॲपलकडून बोलतोय’ म्हणणारे फोन आले. माणूस वैतागून कधीतरी ‘हो’ दाबेल किंवा फोनवरच्या माणसाला कोड सांगेल, हा त्यामागचा हिशेब.

हा नेमका कुठला मेल आहे ते वाचा

घाईत तीन वेगवेगळ्या मेलची गल्लत होते, आणि त्यांचे अर्थ फार वेगळे आहेत.

‘पासवर्ड बदलण्याची विनंती मिळाली’ या मेलचा अर्थ वर सांगितला तोच: कोणाला तरी तुमचा पत्ता माहीत आहे. इतकंच.

‘लॉगिनसाठी तुमचा कोड’ असा मेल किंवा एसएमएस आला तर मात्र थांबून विचार करा. ज्या सेवेत तुम्ही दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागण्याची सोय, चालू केली आहे, तिथे हा कोड बहुधा बरोबर पासवर्ड टाकल्यावरच निघतो. म्हणजे तुमचा पासवर्ड कोणाकडे तरी आहे. तो आजच बदलायला हवा, आणि तोच पासवर्ड इतर कुठे वापरला असेल तर तिथेही. अपवाद म्हणजे पासवर्डशिवाय नुसत्या पत्त्यावर कोड पाठवून आत घेणाऱ्या सेवा. तिथे कोड मागवायला पत्ता पुरतो, त्यामुळे त्या मेलचा अर्थ पहिल्या प्रकारासारखाच हलका घ्यावा.

‘तुमचा पासवर्ड बदलण्यात आला आहे’ हा तिसरा. इथे काम आधीच झालेलं असतं, निदान मेल तसं सांगतो. हा खरा असेल तर प्रत्येक मिनिट मोलाचं आहे. पण याचंच सोंग घेऊन येणारे खोटे मेलही भरपूर असतात, म्हणून इथेही मेलमधली लिंक नको. वेगळ्या वाटेनं साइटवर जा आणि लॉगिन होतंय का ते पाहा.

खरा मेल असला तरी क्लिक का नको

खोट्या मेलचं कारण सरळ आहे. लिंक हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर नेते, तिथे ‘सुरक्षेसाठी आधी सध्याचा पासवर्ड टाका’ असं विचारलं जातं आणि तुम्ही तो टाकला की संपलं. पाठवणाऱ्याचं नाव पाहून काही ठरत नाही. मेलमध्ये दिसणारं नाव कोणीही काहीही लिहू शकतो.

थोडे सरावलेले लोक पुढे जाऊन पत्ता तपासतात. जीमेलमध्ये संगणकावर मेल उघडून तीन टिंबांच्या मेनूतून `Show original` निवडलं की `SPF`, `DKIM` आणि `DMARC` या तीन ओळी दिसतात, आणि त्यांच्यापुढे `PASS` किंवा `FAIL`. मेल खरंच त्या कंपनीच्या नावानं, तिच्या परवानगीनं निघाला का, हे या तपासण्या सांगतात. `FAIL` दिसलं तर संशय पक्का धरा. पण `PASS` दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. 2025 च्या एप्रिलमध्ये एक फसवा मेल उघडकीला आला. तो `no-reply@accounts.google.com` या पत्त्यावरून आलेला दिसत होता आणि त्यावरची गूगलची डिजिटल सही खरी होती. गूगलकडूनच निघालेला, सही असलेला मजकूर पकडून तो पुढे दुसऱ्यांना पाठवला गेला होता. त्यातली लिंक `sites.google.com` वर नेत होती, जिथे कोणालाही स्वतःचं पान बनवता येतं. तो मेल पासवर्ड रीसेटचा नव्हता, कायदेशीर नोटिशीचा होता, पण युक्ती कुठल्याही मेलला चालण्यासारखी आहे.

आता त्याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट. मेल शंभर टक्के खऱ्या साइटनं पाठवलेला असूनही त्यातली लिंक घातक असू शकते. रीसेटची लिंक तयार करताना साइटला स्वतःचं नाव लिंकच्या सुरुवातीला घालायचं असतं. ढिसाळपणे लिहिलेल्या काही साइट्स हे नाव आपल्या सेटिंगमधून न घेता आलेल्या विनंतीतल्या `Host` या रकान्यातून उचलतात. विनंती पाठवणारा तिथे स्वतःच्या साइटचं नाव घालतो. मग खरी साइट, खरी सही आणि तुमच्या खात्याचं खरं टोकन असलेला मेल तुम्हाला येतो, पण लिंकचा पत्ता त्या भामट्याच्या साइटचा असतो. तुम्ही क्लिक करताच टोकन त्याच्या सर्व्हरच्या नोंदीत जाऊन पडतं. तुम्ही पुढे काहीही टाइप केलं नाही तरी तो तेच टोकन घेऊन खऱ्या साइटवर जातो आणि नवा पासवर्ड ठेवतो. मोठ्या सेवांनी ही फट केव्हाच बुजवली आहे, पण लहान दुकानं, संस्था, जुन्या साइट्स यांच्याबद्दल खात्री देता येत नाही. या हल्ल्याला तुमची एकच गोष्ट लागते, एक क्लिक. म्हणून ‘मेल तर खरा आहे, उघडून बघायला काय हरकत’ हा विचार मला मान्य नाही.

मेल नुसता उघडून वाचण्यात मात्र तसं भय नाही. क्लिक आणि उत्तर, या दोन गोष्टी टाळायच्या.

काय करायचं, क्रमानं

1. मेल बाजूला ठेवा. लगेच डिलीट करू नका. वेळ, सेवेचं नाव आणि कुठल्या वापरनावासाठी तो आला आहे, हे पुढे लागतं. त्यात कोड असेल तर तो कोणालाही सांगू नका, पुढे पाठवू नका, स्क्रीनशॉटही पाठवू नका.

2. त्या सेवेत तुमचं खातं आहे का ते आठवा. नसेल, तर दुसऱ्या कोणाची चूक आहे असं समजून मेल सोडून द्या. लिंकवरून त्या खात्यात शिरून ‘कोणाचं आहे ते बघू’ असं करू नका. ते परक्याच्या खात्यात शिरणं होतं. असे मेल वारंवार येत असतील, तर त्या सेवेच्या मदत विभागात स्वतः जाऊन ‘माझा पत्ता चुकून दुसऱ्याच्या खात्याला जोडला आहे’ असं कळवा.

3. खातं असेल तर वेगळ्या वाटेनं आत जा. फोनवरचं त्या सेवेचं ॲप उघडा, किंवा ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करा. शोध घेऊन वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक करणं हीसुद्धा वेगळी वाट नव्हे, तिथेही बनावट पानं असतात. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर त्याची इथे चांगली मदत होते. पत्ता एका अक्षरानं जरी वेगळा असला तरी तो पासवर्ड आपणहून भरत नाही.

4. आत गेल्यावर ‘सुरक्षा’ विभाग पाहा. जुन्याच पासवर्डनं लॉगिन झालं, म्हणजे तो कोणी बदललेला नाही. मग सध्या कुठकुठल्या उपकरणांवर खातं उघडं आहे त्याची यादी वाचा. गूगलच्या खात्यात ती `myaccount.google.com/security` इथे मिळते, आणि अलीकडच्या सुरक्षेच्या घडामोडीही तिथेच दिसतात. इन्स्टाग्रामनं आणखी एक सोय केली आहे: सेटिंगमधल्या `Password and security` विभागात `Recent emails` नावाची यादी असते. इन्स्टाग्रामनं अलीकडे तुम्हाला खरोखर पाठवलेले मेल तिथे दिसतात. तुमच्याकडे आलेला मेल त्या यादीत नसेल, तर तो खोटा.

5. अनोळखी उपकरण दिसलं तर त्याला बाहेर काढा आणि मगच पासवर्ड बदला. काहीच विचित्र नसेल, तर नुसत्या रीसेटच्या मेलसाठी पासवर्ड बदलायची गरज नाही. पण तोच पासवर्ड तुम्ही चार ठिकाणी वापरत असाल, तर हे निमित्त साधून तो बदलाच.

6. आता इनबॉक्स तपासा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. तुमच्या सगळ्या खात्यांची रीसेट टोकन याच इनबॉक्समध्ये येतात, त्यामुळे इथे कोणाचा शिरकाव असेल तर बाकीची कुलपं व्यर्थ. जीमेल संगणकावर उघडून `See all settings` मध्ये जा. `Forwarding and POP/IMAP` या टॅबमध्ये तुमचे मेल दुसऱ्या पत्त्यावर जात नाहीत ना ते पाहा. `Filters and Blocked Addresses` मध्ये तुम्ही न बनवलेला फिल्टर नाही ना तेही पाहा. मेल चोरून वाचणारे लोक ‘पासवर्ड’ शब्द असलेले मेल थेट कचऱ्यात किंवा आर्काइव्हमध्ये टाकणारा फिल्टर लावून ठेवतात, म्हणजे रीसेटचा मेल तुमच्या नजरेस पडतच नाही. इनबॉक्सच्या पानावर खाली उजवीकडे बारीक अक्षरात `Details` असतं. तिथे खातं अलीकडे कुठून उघडलं गेलं ते दिसतं.

7. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, आधी ईमेलला आणि मग बाकीच्यांना. एसएमएसपेक्षा फोनवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप बरं, आणि पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी फोनचं कुलूप उघडून लॉगिन होण्याची, सोय असेल तर ती सर्वांत चांगली, कारण पासकी बनावट साइटवर चालतच नाही.

मेल येतच राहिले तर? पाठवणाऱ्या खऱ्या पत्त्याला ब्लॉक करू नका किंवा त्याचे मेल स्पॅममध्ये ढकलू नका. उद्या ‘पासवर्ड बदलला गेला’ हा खरा इशारा आला तर तोही तुम्हाला दिसणार नाही. त्याऐवजी सेवेच्या सेटिंगमध्ये शोधा. काही ठिकाणी रीसेटची विनंती करताना पत्त्यासोबत फोन नंबरही विचारला जावा अशी सोय असते, त्यामुळे नुसतं वापरनाव माहीत असलेल्याची वाट बंद होते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात तुम्ही दुसरा एक पत्ता जोडून फक्त त्याच पत्त्यानं लॉगिन व्हावं असं ठरवू शकता. जुना, सगळीकडे पसरलेला पत्ता मग मेल घेण्यापुरता उरतो.

एक प्रसंग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, एका शिक्षिकेला रात्री पावणेअकराला फोटो टाकण्याच्या एका सेवेकडून रीसेटचा मेल आला. दहा मिनिटांत आणखी दोन. तिन्ही सारखेच, तिन्हींत तिचं वापरनाव बरोबर, आणि तळाशी ‘विनंती तुम्ही केली नसेल तर या मेलकडे दुर्लक्ष करा’ अशी ओळ. अकरा वाजता चौथा मेल आला. यात मोठं लाल बटण होतं: ‘तुमचा पासवर्ड 30 मिनिटांत बदलला जाईल. विनंती रद्द करा.’

इथे थांबून विचार केला तर चौथ्या मेलचं पितळ त्याच्याच मजकुरातून उघडं पडतं. रीसेटची विनंती आपोआप पूर्ण होत नसते. कोणीतरी टोकन वापरल्याशिवाय पासवर्ड बदलत नाही, त्यामुळे ‘रद्द’ करण्यासारखं काही नसतंच. विनंतीला मुदत असते ती संपण्याची. अमुक वेळात पासवर्ड बदलला जाईल अशी मुदत नसते. पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवल्यावर मागचा पत्ताही दिसला, आणि त्याचा शेवट `.com.reset-help.example` असा होता (हे नाव इथे नमुन्यापुरतं). सुरुवातीला सेवेचं खरं नाव होतं, पण असा पत्ता शेवटाकडून वाचायचा असतो. मालक ठरतो तो `reset-help.example` या शेवटच्या तुकड्यावरून. लिंकच्या बाबतीत `https://` नंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घ्यायचा आणि तोही असाच शेवटाकडून वाचायचा.

तिनं चारही मेल तसेच ठेवले आणि फोनवरचं ॲप उघडलं. जुन्याच पासवर्डनं सगळं चालू होतं, उपकरणांच्या यादीत तिचा फोन आणि घरचा संगणक एवढेच. सेवेनं पाठवलेल्या मेलच्या यादीत तीनच मेल होते, चौथा नव्हता. म्हणजे पहिले तीन खरे, कोणीतरी मुद्दाम मागवलेले, आणि चौथा त्यांच्या आडून आलेला.

सव्वाअकराला जुन्या मैत्रिणीच्या खात्यावरून मेसेज आला: ‘अगं, माझा कोड चुकून तुझ्याकडे आलाय, जरा सांगतेस का?’ ओळखीच्या नावानं आलेली ही मागणी माझ्या मते या साऱ्यातली सर्वांत धोकादायक गोष्ट आहे, कारण इथे माणूस साइटवर नाही तर मैत्रिणीवर विश्वास टाकतो. मैत्रिणीचं खातं आधीच हातचं गेलेलं असतं आणि तिच्या नावानं तिच्या ओळखीच्यांना एकेक करून गाठलं जात असतं. पत्त्याच्या गोंधळातून परक्याचा मेल कधी तुमच्याकडे येईलही, पण असा मागून घेतला जाणारा कोड जवळजवळ कधीच ‘चुकून’ आलेला नसतो. तो तुमच्याच खात्याचा असतो. शिक्षिकेनं मेसेजला उत्तर न देता मैत्रिणीला फोन लावला, तेव्हा तिला सकाळपासून स्वतःच्या खात्यात शिरता येत नव्हतं. ते तिला कळलं, पण आपल्या खात्यावरून कोणाकोणाला मेसेज जातायत हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

क्लिक आधीच झालं असेल तर

फक्त लिंक उघडली आणि काही न भरता पान बंद केलं, तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. तरीही वर सांगितलेल्या `Host` च्या युक्तीमुळे टोकन बाहेर गेलं असण्याची शक्यता उरते. त्यावर एक सोपा उपाय आहे: खऱ्या साइटवर स्वतः जाऊन स्वतः नव्यानं रीसेट मागवा आणि पासवर्ड बदला. नवं टोकन निघालं किंवा पासवर्ड बदलला की जुनं टोकन बहुतेक सेवांत बाद होतं.

बनावट पानावर पासवर्ड टाकला असेल, तर दुसऱ्या कुठल्याही कामाआधी तो खऱ्या साइटवर बदला आणि ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरा. नुसता पासवर्ड बदलून काही सेवांत आधीच आत बसलेला माणूस बाहेर जात नाही. तोच पासवर्ड ईमेललाही असेल, तर सुरुवात ईमेलपासून करा.

कोड सांगून बसला असाल आणि आता लॉगिनच होत नसेल, तर त्या सेवेच्या अधिकृत परतीच्या पानावर जा. गूगलसाठी `g.co/recover`, फेसबुकसाठी `facebook.com/hacked`, इन्स्टाग्रामसाठी `instagram.com/hacked`. शक्यतो नेहमीच्याच फोनवरून आणि नेहमीच्याच नेटवरून प्रयत्न करा. गूगल तर तशीच सूचना करतं, कारण ओळखीच्या उपकरणावरून आलेल्या विनंतीवर ते अधिक विश्वास ठेवतं. पैसे घेऊन खातं परत मिळवून देतो म्हणणाऱ्यांना थारा देऊ नका. खातं गेल्याचं जाहीर लिहिलं की ते लगेच गाठतात.

खातं परत मिळालं की पासवर्डच्या जोडीला तीन गोष्टी तपासा: पुनर्प्राप्तीसाठी दिलेला ईमेल आणि फोन नंबर तुमचाच आहे ना, दोन टप्प्यांच्या पडताळणीत तुम्ही न जोडलेलं ॲप किंवा पासकी नाही ना, आणि खात्याला जोडलेल्या इतर ॲप्सच्या यादीत अनोळखी नाव नाही ना. आत शिरलेला माणूस जाण्याआधी यातलं एखादं दार स्वतःसाठी उघडं ठेवून जातो, आणि पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी ते दार वेगळं बंद करावं लागतं.